वरणाचं पाणी

सकाळी चहा पुढे आला की मी आधी कपात बघतो. वर तवंग आहे का, रंग कसा आहे. घरच्यांना ही म्हातारपणाची खोड वाटते. सून म्हणते, "बाबा, माशी नाही पडलेली, प्या आता." मी पितो. पण ही खोड म्हातारपणाची नाही. पंचविशीत लागलेली आहे, आणि ज्या बाईंमुळे लागली त्यांचं एक देणं माझ्याकडून राहून गेलं होतं. ते पैशांचं नव्हतं. त्यांच्याबद्दल मी एक खोटी गोष्ट कागदावर लिहिली होती, आणि खोटी आहे हे कळल्यावरही ती तशीच राहू दिली होती.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. नगर शहराच्या कडेला, गाव संपून माळ सुरू होतो तिथे, प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गाचं वसतिगृह होतं. जिल्ह्यातून आलेले चाळीसेक शिक्षक तिथे राहत. काही विशीतले, काही दोन-तीन लेकरांचे बाप. मी त्यांना विज्ञान आणि आरोग्य शिकवायचो, आणि वयाने लहान असल्यामुळे भटारखान्याची देखरेखही माझ्याच गळ्यात पडली होती.

आवारात विहीर होती. त्या उन्हाळ्यात मी मागे लागून ती उपसून घेतली आणि आणखी दोन पुरुष उंचीइतकी खोल करवली. खडक फुटला आणि असं पाणी लागलं की तळाचा दगड दिसावा. थंडगार. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विहीर दाखवायचो. एवढं झाल्यावर मला एक खर्च डोळ्यांत खुपू लागला. एक कावडवाला रोज सकाळी गावातल्या नळावरून चार खेपा पाणी आणून भटारखान्यातले दोन रांजण भरायचा. घरात विहीर असताना बाहेरून पाणी कशाला? आधीचे आचारी म्हातारे होते. ते गाव सोडून मुलाकडे राहायला निघाले त्याच पंधरवड्यात मी कावड बंद केली. आचारी असते तर कदाचित काही बोलले असते. पण ते गेले होते, आणि त्यांनी वीस वर्षं वरण कुठल्या पाण्यात शिजवलं हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

त्यांच्या जागी आल्या त्या बाई अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. नवरा वारलेला, मुलगा मामाकडे ठेवलेला. चाळिशीच्या असतील. आमच्याच एका शिक्षकाने त्यांचं नाव सुचवलं होतं. तो म्हणाला होता, "गुरुजी, आमच्या गावात लग्नाचा भात त्यांच्याशिवाय कुणी उतरवत नाही." सगळे त्यांना मावशी म्हणू लागले. मी बाई म्हणायचो.

पहिल्या दिवशी त्यांनी पहाटेच डाळ चुलीवर चढवली. अकरा वाजले, पंगत बसली, तरी तुरीचा दाणा अख्खा. पातेल्यात खाली दाणे, वर पिवळं पाणी. बाई पळीने एक दाणा काढून बोटांत चेपून बघत होत्या आणि पुन्हा टाकत होत्या. भात झाला, पण तोही जरा टरटरीत आणि पिवळसर.

"मावशी, भातात हळद कशाला घातली?" एकाने विचारलं.

"न्हाई घातली बाबा."

"मग वरणातली राहिली ती उडून इकडं आली असंल."

पंगत हसली. बाईही हसल्या, पहिलाच दिवस होता. पण आठवडा झाला तरी तेच. डाळ आदल्या संध्याकाळी भिजत घालून बघितली, तीही विहिरीच्याच पाण्यात. दुकान बदललं. चुलीचं तोंड लहान केलं, मोठं केलं. शिक्षक पानावर बसताना म्हणू लागले, "आज वरण चावायचं की गिळायचं?" चहाचं तर आणखीनच. काळा, मळकट, चव नुसती तुरट, आणि कप जरा थांबला की वर करड्या रंगाचा पापुद्रा. फुंकर मारली की तो फाटायचा आणि कपाच्या कडेला डाग सोडायचा.

आठव्या-नवव्या दिवशी बाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. हातात तांब्या.

"गुरुजी, ह्ये पानी घोटभर प्या."

मी प्यालो. थंड, स्वच्छ.

"चांगलं आहे की."

"प्यायला चांगलं हाय. शिजवायला न्हाई. लई जड पानी हाय ह्ये. आमच्याकडं डाळ चढवली की तासाभरात पळीखाली मोडती. डाळ तीच, हात तेच. मला नुस्त्या वरनापुरत्या नि च्यापुरत्या दोन घागरी दुसरं पानी द्या. बाकी समदं हिरीचं चालंल."

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाई, पाणी ते पाणी. ते शंभर अंशाला उकळतं आणि डाळ शिजते. तुमच्या डोंगरात काय वेगळं पाणी उकळतं?"

त्या तांब्या घेऊन गेल्या.

त्याच महिन्यात मी वर्गात पाण्याचे प्रकार शिकवले होते. फळ्यावर दोन रकाने काढले होते, जड पाणी आणि मृदू पाणी. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, कारण त्यात चुन्यासारखे क्षार विरघळलेले असतात. पुस्तकात त्याला दुष्फेन असं भारदस्त नाव होतं. शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि तासानंतर विहिरीवर कपडे धुताना "साबण नुसता झिजतो, फेस येत नाही" म्हणून कुरकुर केली. ती कुरकुर मी ऐकली होती. फळा, विहीर आणि वरणाचं पातेलं यांच्यात फार तर शंभर पावलं असतील. ती पावलं माझ्या डोक्याने टाकली नाहीत, एवढंच.

मग सरपण संपलं. लाकूड परवान्यावर मिळायचं, महिन्याचं ठरलेलं. डाळीखाली तीन-तीन तास जाळ घातला तर दुसरं काय होणार? महिना संपायला दहा दिवस असताना लाकडाची खोली रिकामी झाली. आणि नेमके त्याच आठवड्यात शिक्षण खात्याचे एक अधिकारी तपासणीला आले. त्यांना पंगतीत बसवलं. त्यांनी वरणाचा भुरका घेतला आणि पानाच्या कडेला चार दाणे काढून ठेवले, खडे काढून ठेवावेत तसे. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, इथे सरपण पुरत नाही का? डाळ कच्ची आहे."

शेजारी आमचे मुख्याध्यापक उभे होते. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणालो, "सरपण पुरेसं येतं, साहेब. जातं कुठे, ते बघावं लागेल. स्वयंपाकीणबाई नवीन आहेत."

एवढंच. पुढचं मुख्याध्यापकांनी जोडलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडून लेखी मागितलं. मी लिहून दिलं की बाईंचं कामात लक्ष नाही आणि त्या सरपण परस्पर बाहेर देत असाव्यात असा संशय आहे. कुणीही त्यांना एक काटकी बाहेर नेताना पाहिलं नव्हतं. मीही नाही.

बाईंना कळलं तेव्हा त्या रडल्या-ओरडल्या नाहीत. त्यांनी चहाचं मोठं पातेलं उलटं करून माझ्यापुढे धरलं. तळाला आतून पांढरा, खरबरीत थर बसला होता. नखाने खरवडला तर पापुद्रे निघत होते.

"ह्ये बघा गुरुजी. रोज घासती मी, राखंनं. रोज बसतो. ह्यो काय माजा हाय? ह्यो पान्यातनं येतो. जे भांड्याला असं बसतं त्ये डाळीला बसत न्हाई व्हय?"

मी पातेल्याकडे नीट बघितलंही नाही. "आता जे व्हायचं ते झालं, बाई," म्हणालो. त्यांनी पातेलं पालथं ठेवलं, आपलं गाठोडं घेतलं आणि फाटकाबाहेर गेल्या. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

नवीन आचारी आला. वरणाचं तेच. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ही डाळ माझ्या बापाला शिजायची नाही." आणि त्याच आठवड्यात बाजारात तो कावडवाला भेटला. पानाच्या दुकानापाशी उकिडवा बसला होता.

"काय मास्तर, वरान शिजतं का?" त्याने विचारलं आणि स्वतःच हसला. "म्हाताऱ्या आचाऱ्यानं मला दमच दिल्ता. म्हनायचा, येक येळ माजं जेवान चुकीव, पर वरनाची खेप चुकवू नगो. तुमी तीच बंद क्येली."

 मी विचारलं, "हे त्या बाईंना माहीत होतं?"

"मीच सांगितलं की. जायच्या दिशी येष्टीची वाट बघत बसल्या व्हत्या तवा."

एसटी तेव्हा नव्हती. तो 'सर्व्हिस मोटार' म्हणाला असणार, माझ्या कानाने पुढे कधीतरी शब्द बदलला. पण बाकी बोलणं असंच झालं. म्हणजे बाईंना जायच्या आधी कळलं होतं. त्या परत फिरून मुख्याध्यापकांकडे जाऊ शकल्या असत्या.

दुसऱ्या दिवसापासून कावड सुरू केली. पहिल्याच सकाळी तासाभरात डाळ मऊ झाली, रवीचे दोन फेरे मारले की एकजीव. भात पांढरा आला. चहाला पुन्हा तांबूस, उजळ रंग आला. आचाऱ्याचं कौतुक झालं. मुख्याध्यापक मला म्हणाले, "माणूस चांगला शोधलात." मी मान डोलावली.

तीन-चार वर्षांनी मी खात्यात शाळा तपासणीच्या कामावर गेलो. देश स्वतंत्र झाला होता. श्रावणात अकोल्याकडच्या डोंगरातल्या शाळांवर पाठवलं. चिखल, धुकं, वाटेत ओहोळ. एका गावात शाळा तपासून होईतो दुपार झाली. तिथले गुरुजी म्हणाले, "साहेब, जेवणाची सोय एका घरी केली आहे." मी त्या घरात वाकून शिरलो आणि चुलीपाशी त्या बाई बसलेल्या.

त्यांनी मला लगेच ओळखलं. एक क्षण फुंकणी हातात तशीच राहिली.

"या गुरुजी. बसा. आधी च्या घ्या, भिजलाय तुमी."

चहा गुळाचा होता. कपात बघितलं तर लाल, नितळ, वर काही नाही. इतका साधा चहा मी इतक्या लाजेने कधी प्यालो नाही. मग त्यांनी तांदूळ धुतले, डाळ धुतली. पाणी दारामागच्या घड्यातलं, डोंगराच्या झऱ्याचं. शाळेचे गुरुजी काही कामाला बाहेर गेले. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी म्हणालो, "बाई, कावड मी बंद केली होती."

"ठावं हाय."

"मग तुम्ही परत येऊन सांगितलं का नाही?"

"कुनाला? तुमाला? तुमाला तांब्याभर पानी पाजलं, पातेलं दाखवलं. आनखी काय दावायचं राहिलं व्हतं?" त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "आन् मोठ्या मास्तरला सांगून तुमची नोकरी गेली आसती. माजी तर गेलीच व्हती."

 त्या बोलत राहिल्या, हात चालू ठेवून, जणू मी नवा शिकाऊ आचारी होतो. जड पाणीच असेल आणि दुसरं मिळत नसेल तर काय करायचं ते त्यांनी नंतर दुसऱ्या एका घरी राबताना शोधून काढलं होतं. पाणी आधी खळखळ उकळायचं, उतरवून निवू द्यायचं, पांढरं खाली बसू द्यायचं आणि वरचं हळूच ओतून घ्यायचं. "समद्या हिरींना लागू पडत न्हाई त्ये. काईंचं जडपन उकळून बी जात न्हाई." तसं असेल तर चिमूट पापडखार. चिमूटच, जास्त झाला तर वरणाला साबणाची चव येते आणि डाळीचा सारा कस जातो. चिंच, आमसूल डाळ मोडल्याशिवाय घालायचं नाही, आंबटाने दाणा आणखी आकसतो. भात पिवळा पडत असेल तर लिंबाचे दोन थेंब. "आन् च्यासाठी मातूर पावसाचं पानी धरून ठिवा. त्याला दुसरा उपाव न्हाई."

डाळ शिजली. त्यांनी पळीची पाठ दाबली आणि दाणे मोडताना मला दाखवले. मग मला आणि स्वतःच्या मुलाला वाढलं, मला आधी. आंबेमोहोराचा भात आणि त्यावर ते वरण. मी तीनदा भात घेतला. त्या घरात मला राग भेटायला हवा होता आणि मला जेवण भेटलं.

निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. "गावात कुनी मला काय बोलत न्हाई. पर तितं तुमच्या कागदावर मी चोर हाय. तेवडं पुसा."

मी "पुसतो" म्हणालो.

नाही पुसलं. परतल्यावर पत्र लिहिलं आणि ठेवून दिलं. मुख्याध्यापक तेव्हा वरच्या जागेवर गेले होते, माझी बढती त्यांच्या हातात होती. पुढे बढती झाली, मग ते वारले, मग वाटलं आता कोण विचारतंय.

उलट त्यांच्याच विद्येवर माझं नाव झालं. त्या वर्षीपासून तपासणीच्या गावी शिक्षकांचे वर्ग घेऊन मी त्यांना जड पाणी शिकवताना फळ्याऐवजी दोन चुली मांडायचो. एकीवर विहिरीचं पाणी, दुसरीवर नळाचं. डाळ सारखी, भांडी सारखी, जाळ सारखा. तासाभराने दोन्ही वाडग्यांतून वर्गात फिरवायचो. मग सांगायचो, की डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो, पेक्टिन. शिजताना तो सुटतो म्हणून दाणा मोडतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून कितीही लाकूड जाळलं तरी दाणा हट्टी राहतो. हा शेवटचा भाग मला पुढे कॉलेजातल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी समजावला. पण तो त्या पातेल्याच्या तळाशी आधीच लिहिलेला होता. "जे भांड्याला बसतं ते डाळीला बसत नाही व्हय?" याहून चांगलं स्पष्टीकरण मी आयुष्यात दिलं नाही.

तो पाठ जिल्हाभर गेला. पूर्वेकडच्या कोरड्या गावांतून, जिथे विहिरी खाऱ्या आणि जड, शिक्षकांची पत्रं यायची: घरी सरपण निम्मं लागतं, सासूने सुनेला टोचून बोलणं थांबवलं. हे शेवटचं वाचून मी पत्र घडी करून ठेवायचो. कितीतरी घरांत डाळ न शिजल्याचा दोष बाईच्या हातावर येत असणार. लोक म्हणायचे, गुरुजींचा डाळीचा पाठ. तो माझा नव्हता. माझी पत्नी दर बदलीच्या गावी सामान उतरवण्याआधी पाणी चाखायची आणि तळाला पांढरं बसतं का ते बघायची. आमच्या घरात पन्नास वर्षं मऊ वरण आणि चांगला चहा झाला. तोही त्या बाईंमुळे.

गेल्या वर्षी मी ते जुनं वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेत गेलो. माझा तेव्हाचा कागद अजून फायलीत होता, कडा खाल्लेला, सही माझी. मी सोबत निवेदन नेलं होतं, की हा आरोप खोटा आहे, डाळ पाण्यामुळे शिजत नव्हती, पाणी मी बदललं होतं आणि डाळीचा पाठ या बाईंचा आहे. त्यात त्यांचं पूर्ण नाव आहे, गावासकट. इथे मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, पण तिथे ते हवं होतं. कारकून तरुण मुलगी होती. दोनदा वाचून म्हणाली, "आजोबा, हे आता कोण बघणार?"

"कुणी नाही. पण टाचा त्याला."

तिने टाचलं, वर शिक्का मारला आणि मला एक प्रत दिली.

मुलाला गाडी काढायला लावून ती प्रत घेऊन मी डोंगरात गेलो. बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा तो मुलगाही नाही. त्याची बायको होती, तीही आता म्हातारी. मी ओसरीवर बसून निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. 

"सासूबाई सांगायच्या," ती म्हणाली. "म्हनायच्या, त्यो मास्तर येक दिस येईल. लई येळ लावील, पर येईल."

मग तिने कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा घडी घालून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि आत जाता जाता विचारलं, "च्या घेता ना?"

चहा आला. मी कपात बघितलं. तेच पाणी. नितळ.